खांब नक्की कुठला?

साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बंगळुरूला लेकाकडे राहायला गेल्या. घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद पडला. बाईंनी वहीचा कागद फाडला आणि हयातभर लिहीत आल्या तसा अर्ज लिहिला. प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, घर आणि खांबाचे आकडेही त्यातलेच. अर्ज मात्र ओळखीचा वाटेल. असले कागद महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगरपालिकेच्या आवक टेबलावर रोज पडतात.

“मा. साहेब, सा. न. वि. वि. आमच्या घरासमोर गेले आठ दिवस लाइट नाही. परवा मी स्वतः तुमच्या माणसांना सांगितले, पण कोणी फिरकले नाही. चौथ्या क्रॉसवर संध्याकाळनंतर मिट्ट काळोख असतो. आम्हा म्हाताऱ्या माणसांनी ठेचकाळून पडायचे काय? खांबाचे खालचे झाकणही निघाले आहे, पोरे त्यात काठ्या घालतात. तरी कृपा करून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.”

हा अर्ज साताऱ्यात दिला असता तर भाषेचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात महापालिका आणि नगरपालिकांचा कारभार मराठीतून चालावा यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे. बंगळुरूत कार्यालयाची भाषा कन्नड, आणि इंग्रजी चालते. कन्नडमध्ये अर्ज देता आला तर उत्तमच, पण या घरात कन्नड बोलण्यापुरती येते, लिहिता कोणालाच येत नाही. राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद सांगतो की गाऱ्हाणे मांडणारा अर्ज केंद्राच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. पण हा हक्क अर्ज देण्याचा आहे. पलीकडच्या माणसाने तो वाचून शिडी घेऊन निघावे, एवढे काम घटनेकडून होत नाही. म्हणून इंग्रजी करायचे ठरले, आणि ते नातीकडे आले.

नातीने पहिल्याच वाक्याला पेन खाली ठेवले.

“आजी, अगं लाइट नाही म्हणजे काय? वीज गेलीय की दिवा बंद आहे?”

मराठीत ‘लाइट’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘लाइट गेली’ म्हटले की घरातला पंखा थांबलेला असतो, ‘लाइट लाव’ म्हटले की हात बटणाकडे जातो. आपल्याला संदर्भाने कळते. इंग्रजीत ‘देअर इज नो लाइट’ असे लिहिले तर वाचणारा गोंधळतो, आणि बंगळुरूत तो गोंधळ महागात पडतो. तिथे वीज पुरवते बेस्कॉम ही कंपनी आणि रस्त्यावरचे दिवे सांभाळते महापालिका. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांच्या यादीत, सतराव्या नोंदीत रस्त्यावरची दिवाबत्ती आहे. पुरवठ्याची तक्रार वाटावी असे वाक्य लिहिले तर कागद एका दारातून दुसऱ्या दारी जायला मोकळा. त्यामुळे पहिला बदल मराठीतच झाला: ‘घरासमोरच्या खांबावरचा दिवा लागत नाही.’

मग ‘घरासमोर’. हा शब्द घरात बसून अगदी स्पष्ट वाटतो. आपल्या फाटकाला लागून असलेला खांबही समोरचा आणि रस्ता ओलांडून पलीकडचाही समोरचाच. इंग्रजीत मात्र ‘इन फ्रंट ऑफ’ म्हटले की खांब आपल्या कडेला आला आणि ‘ऑपोझिट’ म्हटले की पलीकडे गेला. नातीला खिडकीतून डोकावून ठरवावे लागले. पलीकडे होता.

‘चौथ्या क्रॉसवर’ या शब्दांनी तर फारच घोळ केला असता. मराठी कानाला क्रॉस म्हणजे चौक, दोन रस्ते एकमेकांना छेदतात ती जागा. बंगळुरूच्या जुन्या वसाहतींत क्रॉस हा आखा रस्ता असतो. ‘मेन’ म्हणवणारे रस्ते एका दिशेने जातात, ‘क्रॉस’ त्यांना आडवे, आणि दोघांनाही क्रमांक. म्हणजे चौथा क्रॉस ही एखादी जागा नव्हे, तो खांबांची अख्खी रांग असलेला रस्ता. आजींच्या मनात होता तो कोपरा, जिथे हा रस्ता सातव्या मेनला मिळतो. त्यांच्या वाक्याचे प्रामाणिक इंग्रजी केले असते तर ते त्या शहरात वेगळ्याच गोष्टीचे वर्णन झाले असते. भाषांतरातल्या चुका नेहमी परक्या शब्दांनी होतात असे नाही. दोन्हीकडे सारखाच दिसणारा शब्द जास्त फसवतो.

खांब ओळखायचा खरा उपाय म्हणजे त्याचा क्रमांक. बहुतेक शहरांत खांबावर डोळ्यांच्या उंचीला रंगाने आकडा काढलेला असतो. लाइनमनला पत्ता दिला तर तो शोधत बसेल, क्रमांक दिला तर थेट जाईल. नात खाली जाऊन पाहून आली. एक आकडा स्पष्ट, दुसरा पुसट. सात असावा किंवा एक. मग अलीकडचा आणि पलीकडचा खांब पाहिला: सोळा आणि अठरा. म्हणजे सतरा. तरीही अर्जात क्रमांकासोबत समोरच्या घराचा नंबर आणि ‘सातव्या मेनकडून आत शिरताना डाव्या हाताला’ एवढे घालणे शहाणपणाचे. डावे-उजवे नेहमी कुठून पाहताना हे सांगूनच लिहायचे. नाहीतर आजींचे डावे खिडकीतून पाहतानाचे असते आणि लाइनमनचे स्कूटरवरून येतानाचे.

आता तारखा. ‘गेले आठ दिवस’ म्हणजे मराठीत एक आठवडा. आपण आजचा वारही मोजतो आणि त्या वेळचाही, म्हणून आठवडा आठ दिवसांचा आणि पंधरवडा पंधरा दिवसांचा होतो. इंग्रजीत ‘एट डेज’ लिहिले तर ते मोजून आठ होतात. ‘परवा’ त्याहून खोडकर. कालच्या आधीचा दिवसही परवा, उद्यानंतरचाही परवा. वाक्यातल्या क्रियापदावरून आपण ओळखतो. शिवाय बोलताना ‘परवाच तर सांगितलं’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात दोन दिवसांपूर्वीचा दिवस असेलच, याची खात्री नसते.

“आजी, दिवा नक्की कधी गेला?”

“अगं, गॅसचा सिलिंडर आला ना, त्या रात्री.”

सिलिंडर पोहोचल्याचा संदेश फोनवर होताच. ११ जून. कामगारांना तोंडी सांगितले ती तारीख १६ जून निघाली, आणि अर्ज लिहायला बसल्या तो दिवस १८. अर्जात ‘परवा’, ‘मागच्या आठवड्यात’, ‘बरेच दिवस’ हे शब्द लिहिणाऱ्याला पुरतात. पण कागद आवक होऊन टेबलावर पोहोचेपर्यंत चार दिवस गेले की ते सगळे शब्द शिळे होतात, तारीख तेवढी ताजी राहते.

यानंतर नातीने विचारलेला प्रश्न बिजलीखात्यातल्या माणसाने विचारावा असा होता: एकच दिवा बंद आहे की सगळी ओळ? आजींनी लिहिले होते ‘मिट्ट काळोख’. ते वाचून कोणालाही वाटेल की सगळा रस्ता अंधारात आहे. रस्त्यावरच्या दिव्यांची एक ओळ साधारणपणे एका नियंत्रण पेटीवरून चालते. पेटीत टायमर असतो, तो संध्याकाळी ओळ चालू करतो आणि पहाटे बंद करतो. अख्खी ओळ गेली तर दोष पेटीत, टायमरमध्ये किंवा जमिनीखालच्या केबलमध्ये शोधायचा. एकच दिवा गेला तर दोष त्या खांबापुरता. ओळ गेल्याची तक्रार आली की माणूस आधी पेटी उघडतो. पेटी ठीक दिसली, ओळ लागली, की तो वहीत ‘दिवे चालू’ लिहून निघून जातो, आणि सतरा नंबरचा खांब तसाच राहतो. तक्रार कागदोपत्री मिटते. आजींना वाटते कोणी आलेच नाही. कदाचित आलेही असेल.

आजींनी रात्री पाहून सांगितले की बाकीचे दिवे लागतात. शिवाय हा दिवाही ‘लागत नाही’ असे नव्हते. सातच्या सुमाराला लागतो, दहा मिनिटांत जातो, मग मध्येच केव्हातरी पुन्हा येतो. हा तपशील सोन्याच्या मोलाचा. पूर्वीचे पिवळे सोडियम दिवे आयुष्य संपत आले की असाच पेटण्या-विझण्याचा खेळ करत, आणि दिवाच बदलावा लागे. आताच्या एलईडीत असे झाले की पहिला संशय त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर किंवा सैल झालेल्या जोडावर जातो. न लागणारा दिवा आणि लागून जाणारा दिवा यांच्यासाठी माणसाने सोबत काय आणायचे तेही बदलू शकते. आणखी एक अडचण: तपासायला माणूस संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी आला तर दिवा त्याच्या डोळ्यांदेखत जळत असणार. म्हणून वेळ लिहायलाच हवी.

‘बंद’, ‘तुटलेला’, ‘फुटलेला’ हे शब्दही मराठीत वेगवेगळे आहेत. इंग्रजीतला ‘ब्रोकन’ तिन्हींना पुरतो आणि म्हणूनच इथे तो टाळावा. काच फुटली असेल तर तसे लिहावे, खांब वाकला असेल तर तसे.

एवढे होईपर्यंत चहा दोनदा झाला होता. आणि तेव्हा कुठे नातीची नजर पाचव्या वाक्यावर स्थिरावली. खांबाचे खालचे झाकण.

खांबाच्या बुंध्याशी, गुडघ्याच्या आसपास, एक छोटी खिडकी असते. तीत जमिनीखालून आलेली केबल आणि वर दिव्याकडे जाणारी तार जोडलेली असते. यालाच जंक्शन बॉक्स म्हणतात. झाकण निघाले की तारा उघड्या. जूनमध्ये पाऊस, पोरांच्या हातात काठ्या, आणि खांब धातूचा. दिवा बंद असला तरी त्या जोडात वीज असू शकते, कारण बिघाड वरच्या दिव्यात असेल तर खालची वायर जिवंतच राहते. आजींच्या अर्जात हे वाक्य काळोख आणि ठेचकाळणे यांच्या मागून आले होते, ‘ही’ या शेपटासकट: झाकणही निघाले आहे. मराठी अर्जाची ही जुनी खोड आहे. आधी नमस्कार, मग पार्श्वभूमी, मग आपली गैरसोय, आणि सर्वांत भयंकर गोष्ट जाता जाता. तोंडी बोलण्यात ते शोभते. कार्यालयातला वाचणारा मात्र विषय आणि पहिले वाक्य वाचून कागद कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा ते ठरवतो. बंद दिव्याच्या गठ्ठ्यात हा कागद पडला तर त्याची पाळी येईल तेव्हा येईल.

खरे तर असल्या गोष्टीसाठी अर्जाची वाटही पाहू नये. वीजपुरवठ्याच्या तक्रारींचा १९१२ हा क्रमांक आणि महापालिकेचा तक्रार क्रमांक, दोन्हीकडे आधी फोन करावा, मुलांना खांबापासून लांब ठेवावे आणि झाकण स्वतः बसवायला जाऊ नये. अर्ज मागाहून, नोंदीसाठी. नातीने तसेच केले. मग इंग्रजीत झाकण पहिल्या वाक्यात गेले. तिने आधी ‘लाइव्ह वायर्स’ असे लिहिले होते, ते खोडून ‘एक्स्पोज्ड’ केले. तारांत वीज आहे की नाही हे तिने तपासलेले नाही आणि तपासूही नये. उघड्या आहेत, हे डोळ्यांनी दिसते. तक्रारीत दिसते तेवढेच लिहिले की कोणी खोडून काढू शकत नाही.

राहिला वरचा साज. ‘मा. साहेब’ मधल्या माननीयाला इंग्रजीत ‘ऑनरेबल’ केले तर तो मंत्र्यासाठी किंवा न्यायाधीशासाठी शोभणारा थाट होतो. ‘डिअर सर ऑर मॅडम’ पुरे. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ही पत्रलेखनाची जुनी रीत आहे, तिला कार्यालयीन इंग्रजीत जागाच नाही. ‘लोभ असावा’ म्हणजे आपले प्रेम आमच्यावर राहो. विद्युत अभियंत्याकडे प्रेमाची मागणी इंग्रजीतून केली तर ती पत्र गैरसमजाला मिळेल. गंमत अशी की ज्या ‘आपला विश्वासू’ने आपण सरकारी पत्र संपवतो, तो इंग्रजीच्या ‘यूअर्स फेथफुली’ची मराठी सावली आहे. त्यामुळे तेवढे एक भाषांतर आपोआप होते, उलट्या दिशेने.

आणि ‘योग्य ती कार्यवाही’. भारतीय इंग्रजीत याला ‘काइंडली डू द नीडफुल’ असा जुळा भाऊ आहे. दोघेही नम्र, दोघेही रिकामे. योग्य काय ते अधिकाऱ्याने ठरवायचे, आणि ‘पाहणी केली’ हीसुद्धा कार्यवाहीच. नेमके काय हवे ते लिहावे: झाकण आजच बसवा, दिवा दुरुस्त करा. ‘ठेचकाळून पडायचे काय’ हा टोमणाही गेला. आजी थोड्या नाराज झाल्या, आणि त्यांची नाराजी रास्त होती, कारण मराठीत त्या एका प्रश्नाने वाक्यात जीव आला होता. इंग्रजीत तोच प्रश्न एक तर भांडण वाटतो किंवा विनोद.

पत्ता लिहिताना शेवटचा खड्डा होता. आजींनी मोठ्या माणसालाच कळवू म्हणून ‘उपआयुक्त’ सुचवले. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘डेप्युटी कमिशनर’. कर्नाटकात ‘डी. सी.’ म्हटले की लोक जिल्हाधिकारी समजतात. महाराष्ट्रातला ‘उपअभियंता’ही तिथे त्या नावाने भेटत नाही, त्या पायरीवर ‘असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर’ अशी पाटी असते. पदनामांचे भाषांतर करायचे नसते, दारावरची पाटी वाचायची असते. बंगळुरूत तर २०२५ मध्ये जुनी एकच महापालिका जाऊन तिच्या जागी पाच महापालिका आल्या. शेजाऱ्याने मागच्या वर्षी दिलेल्या अर्जावरून पत्ता उतरवून घेतला तर तो नसलेल्या कार्यालयाचा निघेल.

नातीने शेवटी जे इंग्रजी लिहिले ते देवनागरीत उतरवले तर असे:

“विषय: ओपन जंक्शन बॉक्स अँड फॉल्टी स्ट्रीटलाइट, पोल नंबर १७, फोर्थ क्रॉस. डिअर सर ऑर मॅडम, द कव्हर ऑफ द जंक्शन बॉक्स ऑन धिस पोल इज मिसिंग. द वायर्स आर एक्स्पोज्ड अँड विदिन रीच ऑफ चिल्ड्रन. द लॅम्प ऑन द सेम पोल हॅज बीन फॉल्टी सिन्स ११ जून. इट कम्स ऑन ॲट अबाउट सेव्हन इन द इव्हनिंग अँड गोज ऑफ विदिन टेन मिनिट्स. द अदर लॅम्प्स ऑन द रोड आर वर्किंग. द पोल इज ऑपोझिट हाउस नंबर ४२, ऑन द लेफ्ट ॲज वन एंटर्स फ्रॉम सेव्हन्थ मेन. आय रिपोर्टेड धिस टू युवर स्टाफ ऑन १६ जून. प्लीज हॅव द बॉक्स कव्हर्ड टुडे अँड द लॅम्प रिपेअर्ड. यूअर्स फेथफुली.”

आजींच्या अर्जापेक्षा हा लांबीने मोठा आहे. पण खरा फरक असा की यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने आधी मराठी मसुद्यात दुरुस्ती करून घेतली. म्हणून ज्यांना इंग्रजीची गरज नाही त्यांनीही अर्ज दुसऱ्या भाषेत न्यायचा आहे असे समजून एकदा वाचून पाहावा. आपल्याच भाषेत जे गृहीत धरलेले असते ते तिथे उघडे पडते.

अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. मराठीत ही पोच, तिथल्या खिडकीवर ‘ॲक्नॉलेजमेंट’. ती मिळाली नाही तर पुढच्या पत्राला संदर्भच उरत नाही. खिडकीवरचा कारकून मात्र या कागदाला ‘अर्जी’ म्हणेल. अरबी-फारसीतून आलेला आपला ‘अर्ज’ कन्नडनेही जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे.

आणि समजा, लाइनमनचा फोन आला. नात कॉलेजात, लेक कामावर, फोन आजींनी उचलला. पलीकडून कन्नड: ‘बीदी दीप’ असे काहीतरी, आणि मग ‘कंब’. बीदी म्हणजे रस्ता हे आजींना ठाऊक नाही. दीप कळला. कंब म्हणजे खांब, हेही कानाने ओळखले. त्यांनी खिडकीशी जाऊन मोठ्याने सांगितले, “सतरा. सेव्हन्टीन. कंब सेव्हन्टीन.”